पाटी कोणाशी बोलते?

आमच्या उमापूरच्या बाजारपेठेत एका बेकरीवर पाटी आहे. मोठ्या देवनागरी अक्षरांत दुकानाचे नाव, त्याखाली पाव, खारी, टोस्ट मिळतील, केकची ऑर्डर घेतली जाईल आणि मोबाईल नंबर. उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत उर्दू आहे, पण उर्दूत फक्त दुकानाचे नाव. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे पाटी वाचायची खोड आहे. एकदा मालकाला विचारले, "भाई, हे उर्दू कोण वाचतं?" तो हसून म्हणाला, "सर, पढते कौन? अब्बा के बोर्ड पे था, तो रखे."

या एका वाक्यात पाट्यांच्या अभ्यासाचे मर्म आहे. जगातल्या अनेक बहुभाषिक शहरांत अभ्यासक दुकानांच्या, रस्त्यांच्या पाट्या मोजून तिथल्या भाषांचे नाते समजून घेतात. बर्नार्ड स्पॉल्स्की आणि रॉबर्ट कूपर या दोघांनी १९९१ मध्ये जेरुसलेमच्या भाषांवर पुस्तक लिहिले. पाटीवर भाषा निवडताना माणूस तीन गोष्टी पाहतो, असे त्यांनी मांडले. एक, लिहिणाऱ्याला येते ती भाषा. दोन, वाचणाऱ्याला समजेल ती भाषा. आणि तीन, आपली ओळख जिच्याशी जोडली जावी असे वाटते ती भाषा.

हे तीन निकष बेकरीच्या पाटीला लावून पाहू. गिऱ्हाइकाला जे कळायला हवे, म्हणजे काय मिळते, ऑर्डर कशी द्यायची, ते सगळे देवनागरीत आहे. म्हणजे पाटीचा वाचक मराठी वाचणारा आहे. त्यात हिंदूही आले आणि घरी दखनी बोलणारे, पण मराठी शाळेत शिकलेले मुसलमानही आले. उर्दूत कामाची माहिती एकही नाही. ती ओळ माहिती देत नाही, घराण्याची ओळख सांगते. याउलट मदरशाच्या चंद्याची पाटी पाहा. तिथे रक्कम कुठे द्यायची, कोणाला भेटायचे, हे उर्दूत असते. तिथे उर्दूला खरा वाचक आहे. म्हणून पाटीवर उर्दू आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. कामाची माहिती कोणत्या लिपीत आहे, ते पाहावे लागते.

मोजताना आणखी एक गोची होते. "बेकरी" हा शब्द मूळ इंग्रजी, दुकानाचे नाव अरबी-फारसी, अक्षरे देवनागरी. मग ही पाटी कोणत्या भाषेची? म्हणून आधी लिपी नोंदवावी, भाषा नंतर. शिवाय मोबाईल किंवा शीतपेयाच्या कंपन्या जे फलक लावून देतात, त्यांची भाषा कंपनीने ठरवलेली असते, दुकानदाराने नव्हे. ते वेगळे मोजावेत. फ्लेक्सवरची उर्दूही नीट पाहावी. छपाई करणाऱ्याकडे उर्दूची सोय नसली तर अक्षरे एकमेकांना जोडली जात नाहीत, सुटी सुटी उभी राहतात. कधी क्रमही उलटा होतो. अशी पाटी वर्षभर टांगलेली दिसली, तर समजावे की छापणाऱ्याला, लावणाऱ्याला आणि रोज खालून जाणाऱ्यांना उर्दू वाचता येत नाही.

पाटीवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यालाही इतिहास आहे. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, प्रजेची मराठी, तेलुगू, कन्नड. १९१८ पासून निघालेल्या हैदराबादच्या नोटांवर ही उतरंड दिसते: उर्दूला मानाची जागा आणि तिच्यासोबत किंमत सांगायला मराठी, तेलुगू, कन्नड. उर्दू सत्तेची ओळख सांगत होती. बाकीच्या भाषा होत्या, कारण नोट बाजारात चालायची तर लोकांना ती वाचता यायला हवी. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. कचेरीच्या पाटीवर मराठी वर आली, आणि ते रास्तच होते. ज्या भाषेत माणूस अर्ज करतो, तीच भाषा दारावर हवी. उर्दू मात्र राजभाषेच्या जागेवरून उतरून एका समाजाची भाषा समजली जाऊ लागली. बेकरीवाल्याच्या अब्बांची पाटी या उतारानंतरची आहे.

खाली उतरलेल्या त्या ओळीवरही वाद होऊ शकतो, हे अकोला जिल्ह्यातल्या पातूरने दाखवले. तिथल्या नगर परिषदेच्या फलकावर वर मराठी आणि खाली उर्दू होती. एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली की कारभार मराठीतच हवा, फलकावर उर्दू नको. नगर परिषदेचे म्हणणे होते की १९५६ पासून इथे उर्दू वापरली जाते आणि गावातल्या अनेकांना ती समजते. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असे करत सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशु धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी उर्दूचा फलक कायम ठेवला. २०२२ चा स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा कायदा मराठी सक्तीची करतो, पण मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला मनाई करत नाही, असे न्यायालयाने सांगितले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि फलकाचे काम लोकांपर्यंत पोहोचणे हे आहे, हा निकालाचा गाभा. स्पॉल्स्की-कूपरच्या शब्दांत सांगायचे, तर हरकत घेणाऱ्या बाईंनी त्या ओळीत तिसरा निकष, ओळख, वाचली; न्यायालयाने दुसरा, वाचक.

दुकानांच्या पाट्यांबाबत आता एक अडचण वाढली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. माझ्या मते हा नियम योग्य आहे. पण त्यामुळे मोठ्या मराठी अक्षरांवरून मालकाच्या मनाचा अंदाज करता येत नाही. ती ओळ कायदा लिहितो. मालकाची निवड दुसऱ्या ओळीत असते: तिथे इंग्रजी घेतली, उर्दू घेतली की जागा रिकामी सोडली.

मला काळजी आहे ती या दुसऱ्या ओळीची. पातूरच्या निकालाने उर्दूला फलकावर राहण्याचा हक्क दिला, पण हक्क टिकतो तो वाचकांवर. उद्या एखादा अर्जदार पुन्हा कोर्टात गेला आणि "इथे उर्दू वाचतं कोण?" असे विचारले, तर आपल्या गल्लीतून काय उत्तर येईल? बेकरीवाल्याचा मुलगा मराठी शाळेत आहे, आणि ते चांगलेच आहे. गेल्या आठवड्यात त्याला कोपऱ्यातले ते नाव वाचायला सांगितले. पहिले अक्षर ओळखले, मग तो थांबला आणि शेवटी मोठ्या देवनागरी अक्षरांकडे पाहून त्याने नाव सांगितले. आता रोज संध्याकाळी तो पंधरा मिनिटे माझ्याकडे येतो. नवा फ्लेक्स छापायला जाईल, तेव्हा अक्षरे सुटी राहिलीत का, हे निदान त्याला तरी कळेल.