कर्नल कोणाचा?

समजा, नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याने लासलगावचे कांद्याचे भाव मोबाइलवर पाठवणारं छोटंसं फंक्शन लिहिलं आणि एडब्ल्यूएसच्या मुंबई विभागात लॅम्डावर चढवलं. लिलावाच्या वेळात ते चालतं, एरवी गप्प असतं. त्याच यंत्रावर त्याच क्षणी आणखी कुणाकुणाचा कोड चालू असतो, आणि तो काय करेल याची हमी कुणालाच देता येत नाही. हे पुस्तक या शेजाराबद्दल आहे.

पुढे जाण्याआधी लिनक्स लॅपटॉपवर एवढं करून पाहा:

```
uname -r
docker run --rm alpine uname -r
```

दोन्हींचं उत्तर एकच येतं, कारण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो. नेमस्पेस त्याला दिसणारं जग आखून देतात, सीग्रुप मेमरी-सीपीयूचा वाटा ठरवतात. पण फाइल उघडायची असो की मेमरी मागायची, प्रत्येक सिस्टिम कॉल यजमानाच्याच कर्नलकडे जातो. असे कॉल तीनशेच्या वर आहेत. 2016 मध्ये उघड झालेल्या ‘डर्टी काऊ’सारखी एखादी चूक कर्नलमध्ये निघाली की कंटेनरची भिंत नावापुरतीच उरते. धोक्याचे कॉल सेककॉम्पने बंद करावेत, तर ग्राहकाच्या कोडला कुठले लागतील हे आधी कुणाला ठाऊक?

2014 साली आलेल्या लॅम्डाने सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाला वेगळं व्हीएम दिलं. हे सुरक्षित होतं, पण चिमुकल्या फंक्शनसाठी अख्खं व्हीएम अडकून पडे. 2018 मध्ये जाहीर झालेल्या फायरक्रॅकरने ही अडचण सोडवली. रस्टमध्ये लिहिलेला हा प्रोग्राम केव्हीएमच्या आधाराने मायक्रोव्हीएम उभं करतो. त्यात नेटवर्क, डिस्क, सीरियल कन्सोल अशी मोजकीच उपकरणं असतात. कीबोर्ड कंट्रोलर आहे, तोही मुख्यतः यंत्र रीसेट करण्यापुरता. यूएसबी नाही, पडदा नाही, बायोस नाही. त्यामुळे ते साधारण 125 मिलिसेकंदांत सुरू होतं आणि स्वतःपुरती 5 एमबीहून कमी मेमरी खातं.

मला यातली खरी खुबी वेगळीच वाटते. आता ग्राहकाच्या कोडचे सगळे सिस्टिम कॉल त्याच्या स्वतःच्या कर्नलकडे जातात. यजमानाशी बोलतो तो फायरक्रॅकर, आणि त्याला कुठले कॉल लागतात हे त्याच्या कर्त्यांना नेमकं माहीत असतं. ग्राहकाच्या कोडसाठी करता न आलेली सेककॉम्पची यादी इथे सहज करता येते.

तरीही प्रोसेसर सामाईकच राहतो. स्पेक्टरसारखे हल्ले प्रोसेसरच्या आत मागे उरणाऱ्या खुणांवरून शेजाऱ्याची माहिती काढतात. म्हणून फायरक्रॅकरच्या यजमान यंत्रावर हायपरथ्रेडिंग बंद ठेवायची शिफारस आहे. गूगलच्या जीव्हायझरची वाट निराळी. तो बरेचसे सिस्टिम कॉल स्वतःच हाताळतो आणि त्यापायी थोडा वेग गमावतो. त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं आहे.

प्रयोगांना बसण्यापूर्वी `ls -l /dev/kvm` चालवा. फाइल सापडली नाही, तर आधी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा. भाड्याच्या साध्या क्लाउड व्हीएमवर ती बहुधा नसतेच. तिथे फायरक्रॅकर चालणार नाही, जीव्हायझर मात्र चालेल.