शाळेत पिकणारं साखरेचं झाड

जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात त्यांच्या निम्म्या उंचीचा पुठ्ठ्याचा शंकू दिसतो. आपल्याकडे वाणी चणे-फुटाण्यांसाठी कागदाचा कोन वळायचा, त्याचंच हे अवाढव्य रूप. त्याला शुलट्यूटे म्हणतात. जुनं नाव त्सुकरट्यूटे, म्हणजे साखरेची पुडी. आज त्यात खाऊबरोबर रंगपेन्सिली आणि खेळणीही असतात.

ही प्रथा थुरिंगिया आणि साक्सनीतली. येना गावातली तिची नोंद १८१७ची आहे. तेव्हा आजी-आजोबा किंवा धर्मपालक नाव लिहिलेल्या पुड्या आधीच शाळेत पोचवत. तिथे त्या एका धातूच्या झाडाला टांगत आणि मुलांनी त्या न फाडता तोडून घ्यायच्या. मुलांना सांगितलं जाई, की शाळेच्या तळघरात साखरेचं झाड आहे. त्याची फळं पिकली, की तुझी शाळेत जायची वेळ झाली. १८५२ साली मोरित्स हेगर यांनी याच कल्पनेवर मुलांसाठी पुस्तक काढलं.

या गोष्टीतच भेटीची खरी युक्ती आहे. आईने घरून डब्यात दिलेला लाडू घराची आठवण काढून रडवूही शकतो. ही पुडी मात्र शाळेत उगवलेली. ज्या अनोळखी इमारतीची आणि मास्तरांची धास्ती, तिथेच गोड काहीतरी आपल्या नावाने वाट पाहतंय. शिवाय शाळेत जाणं ही सक्ती न राहता फळासारखं पिकणं होतं.

पण सगळ्यांच्या हातात एकच वस्तू आली, की तुलनाही येते. हात आखडता असलेल्या घरांत पुडीच्या टोकाशी चुरगळलेले कागद किंवा बटाटे भरत. बाहेरून सगळ्या पुड्या भरलेल्याच दिसत. फरक घरी उघडल्यावर कळे. आजही टोकात कागद कोंबतातच, पण तो टोक चेपू नये आणि वजन आवरावं म्हणून.

लेखक एरिश केस्टनर १९०६ साली ड्रेस्डेनमध्ये शाळेत गेले. बालपणाच्या आठवणींत ते सांगतात, की पुडी शेजारच्या बाईंना दाखवायला गेले आणि दारातच अडखळले. खजूर, अंजिरं, संत्री, चॉकलेटं सगळं जमिनीवर! त्यात ईस्टरचे ससेही होते, कारण तेव्हा शाळा ईस्टरला सुरू होत. शाळेचा दिवस निभावलेल्या मुलाला त्याच्या भेटीच्या वजनाने पाडलं.

जर्मनीतल्या मराठी घरांना पाटीपूजन ठाऊक असतं. तिथे अक्षर आधी घरात येतं, मग मूल शाळेत जातं. इथे शाळाच खाऊ घेऊन दारात उभी राहते. म्हणून शुलट्यूटे भरताना ती किती मोठी हे कमी महत्त्वाचं. लेकराला ती स्वतः उचलता यावी, आणि शाळेच्या झाडावर पिकलेली वाटावी.