हत्तीपाय : त्वचेच्या घड्या आणि त्यांची निगा

'हत्तीपाय' ही हत्तीरोगामुळे (लसीकावाहिन्यांचा फायलेरिया) पायाला येणारी कायमची सूज होय. या अवस्थेत पायाची त्वचा जाड होते व तिला घड्या पडतात. या घड्यांमध्ये वारंवार होणारा जिवाणूसंसर्ग हे सूज वाढत जाण्याचे मुख्य कारण आहे. पाय रोज धुऊन कोरडा ठेवल्यास हा संसर्ग बऱ्याच अंशी टाळता येतो. महाराष्ट्रात विदर्भातील अनेक जिल्हे, तसेच नांदेड, लातूर, सोलापूर आदी जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून नोंदले गेले आहेत.

== कारण ==

भारतात हा रोग प्रामुख्याने वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या धाग्यासारख्या कृमीमुळे होतो. सांडपाणी व गटारे यांत वाढणारा क्युलेक्स डास त्याचा प्रसार करतो. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत काही वर्षे जगतात. ऊतींमधील जादा द्रव परत रक्ताकडे नेण्याचे काम या वाहिन्या करतात. कृमींमुळे त्या रुंदावतात व निकामी होतात, त्यामुळे द्रव पायात साचतो. कृमी मेल्यानंतरही वाहिन्या पूर्ववत होत नाहीत. म्हणून डायइथाइलकार्बामाझिन व अल्बेंडाझोल ही सामुदायिक मोहिमेतील औषधे प्रसार रोखत असली, तरी जुनी सूज त्यांनी उतरत नाही.

== घड्या आणि संसर्ग ==

आरंभी सूज दिवसा येते व रात्रीच्या विश्रांतीने उतरते. पुढे ती सकाळीही राहते आणि घोट्याजवळ किंवा पावलावर उथळ घड्या दिसू लागतात. उथळ घडीचा तळ पाय हलविताना दिसतो. खोल घडीचा तळ मात्र तिच्या कडा हाताने विलग केल्याशिवाय दिसत नाही. तेथे घाम व मळ साचतो, त्वचा ओली राहून पांढरी पडते व तिला दुर्गंधी येते. बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, टाचेच्या भेगा व खाजविल्याने झालेले ओरखडे यांतून जिवाणू आत शिरतात.

मग अचानक थंडी वाजून ताप येतो, पाय लाल व गरम होऊन दुखतो आणि जांघेत अवधाण येते. पुष्कळ लोक याला कृमींचा उठाव समजतात, परंतु हा बहुधा जिवाणूंचा हल्ला असतो. अशा प्रत्येक हल्ल्यात वाहिन्यांची आणखी हानी होते, त्वचा अधिक जाड होते व घड्या अधिक खोल जातात. खोल घडीत पुढील संसर्ग अधिक सहज होतो आणि हे चक्र चालू राहते.

== दैनंदिन निगा ==

दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंगसारख्या गावात राहणाऱ्या एका शेतमजूर स्त्रीचे कल्पित उदाहरण घेऊ. तिच्या डाव्या पायावर घोट्याशी एक उथळ घडी आहे आणि दोन बोटांमध्ये चिखल्या आहेत. शेतातून परतल्यावर तिने पुढील क्रम पाळावा :

# प्रथम उजेडात घडी व बेचके विलग करून जखमा पाहाव्यात.
# स्वच्छ, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने गुडघ्याकडून पावलाकडे पाय धुवावा. गरम पाणी, ब्रश किंवा घासणी वापरू नये.
# घडीत व प्रत्येक बेचक्यात मऊ सुती कापडाने हलकेच साबण फिरवावा व खळाळलेले पाणी नितळ येईपर्यंत पाय धुवावा.
# स्वच्छ कापडाने, न घासता, पाय टिपून घ्यावा. घडीचा तळ कोरडा होणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, कारण तेथे राहिलेल्या ओलाव्यावर बुरशी वाढते.
# चिखल्यांवर आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने बुरशीनाशक मलम लावावे.

बसताना व झोपताना पाय उंच ठेवणे, घोटा वर-खाली व गोल फिरविणे आणि बोटे न दाबणारी रुंद पादत्राणे वापरणे हेही उपयुक्त असते. हृदयविकार असलेल्यांनी पाय उंच ठेवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

== हल्ला आल्यास ==

विश्रांती घ्यावी, पाय उंच ठेवावा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व भरपूर पाणी प्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल देतात. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. या काळात व्यायाम करू नये व पट्टी आवळून बांधू नये. शेक देणे, त्वचेला चिरा देणे किंवा झाडपाल्याचा लेप बांधणे घातक ठरू शकते. रुग्ण गोंधळलेला वाटल्यास, फार ताप असल्यास किंवा उलट्या थांबत नसल्यास त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

== परिणाम व मर्यादा ==

निगेचा परिणाम प्रथम दुर्गंधी कमी होण्यात, मग चिखल्या भरून येण्यात व हल्ल्यांमधील अंतर वाढण्यात दिसतो. सुरुवातीची सूज व उथळ घड्या काही प्रमाणात कमी होऊ शकतात. खोल घड्या सहसा नाहीशा होत नाहीत, तथापि त्या कोरड्या ठेवल्यास हल्ले घटतात. हल्ले थांबल्यावरही निगा आयुष्यभर चालू ठेवावी लागते.