खून आणि सदोष मनुष्यवध : एका भेदाची कुळकथा

एखाद्याच्या कृत्यामुळे दुसऱ्याचा जीव गेला, एवढ्यावरून ते कृत्य खून ठरत नाही. मारणाऱ्याच्या मनात मृत्यूचा विचार किती ठाम होता आणि कृत्यातून मृत्यू ओढवण्याची शक्यता किती होती, यावर भारतीय फौजदारी कायदा गुन्ह्याची पायरी ठरवतो. या पायऱ्यांचा उगम १८३७ साली मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने सादर केलेल्या दंड संहितेच्या मसुद्यात आहे. त्या काळच्या इंग्लिश कायद्यात खुनाची कसोटी ‘पूर्वनियोजित दुष्ट हेतू’ ही होती. परंतु दुसरा एखादा गंभीर गुन्हा करताना अनवधानाने मृत्यू घडला तरी असा हेतू गृहीत धरला जाई. मेकॉलेने हे गृहीतक नाकारले आणि आरोपीचा प्रत्यक्ष उद्देश व त्याची जाणीव यांवरच गुन्ह्याची उभारणी केली.

बार्न्स पीकॉक यांच्या संस्करणानंतर १८६० साली दंड संहिता संमत झाली, तेव्हा ही रचना दोन कलमांत विभागली गेली. कलम २९९ मध्ये सदोष मनुष्यवधाची, म्हणजे कायद्याने दोषास्पद मानलेल्या मनुष्यहत्येची, व्याख्या आली. कलम ३०० ने त्याच वधाचा कोणता प्रकार खून होतो हे सांगितले. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. अडचण अशी होती की दोन्ही कलमांची भाषा जवळजवळ सारखी होती: एकात ‘मृत्यू घडण्याचा संभव असलेली’ शारीरिक क्षती, तर दुसऱ्यात ‘निसर्गक्रमानुसार मृत्यूस पुरेशी’ क्षती. संहितेचे मोठे प्रशंसक असलेले जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनाही हाच भाग तिच्यातला सर्वांत दुबळा वाटला.

ही गुंतागुंत सोडवली ती मुंबई उच्च न्यायालयाने, १८७६ सालच्या ‘गोविंदा’ खटल्यात. अठरा वर्षांच्या पतीने पंधरा वर्षांच्या पत्नीला खाली पाडले, तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि मुठीने तिच्या तोंडावर दोन-तीन जोरदार ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती दगावली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी दोन्ही कलमांतील शब्द समोरासमोर मांडून दाखवले की खरा फरक मृत्यूच्या शक्यतेच्या प्रमाणात आहे. मर्मस्थानी मुठीचा किंवा काठीचा प्रहार झाला तर मृत्यूचा संभव असतो, पण त्याच जागी तलवारीचा घाव बसला तर मृत्यू हा स्वाभाविक परिणाम मानावा लागतो, असे त्यांचे विवेचन होते. जिवे मारण्याचा उद्देश सिद्ध झाला नव्हता आणि झालेली क्षतीही सर्वसाधारणपणे मृत्यूस पुरेशी नव्हती. म्हणून हा वध खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरला. पुढे कोणते हत्यार वापरले, घाव कुठे बसला आणि तो किती जोरात घातला, हे प्रश्न अशा खटल्यांत न्यायालये सतत विचारू लागली, त्यामागे हीच मांडणी आहे.

पायरी उतरण्याची दुसरी वाट कलम ३०० च्या पाच अपवादांतून जाते: गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ, स्वसंरक्षणाच्या हक्काची सद्भावनेने ओलांडलेली मर्यादा, लोकसेवकाने सद्भावनेने ओलांडलेली अधिकाराची मर्यादा, पूर्वनियोजनाशिवाय उसळलेली अचानक मारामारी आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीची स्वतःची संमती. येथे कृत्य मुळात खुनाच्या व्याख्येत बसते. परिस्थितीमुळे त्याची तीव्रता कमी मानली जाते, आणि म्हणूनच अपवाद लागू असल्याचे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

पहिल्या अपवादाची मर्यादा नानावटी खटल्यात स्पष्ट झाली. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत पत्नीने अन्य पुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी के. एम. नानावटी यांनी तिला व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व काडतुसे घेतली आणि सुमारे तीन तासांनी त्या पुरुषावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने बहुमताने निर्दोष ठरवूनही उच्च न्यायालयाने त्यांना खुनाबद्दल शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती कायम केली. कबुलीने झालेला प्रक्षोभ गंभीर असू शकतो, परंतु मधल्या वेळात त्यांनी कुटुंबाची व्यवस्था लावली व शस्त्र मिळवले, यावरून त्यांचा स्वतःवरचा ताबा परत आला होता, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. क्षोभ गंभीर असून भागत नाही. तो ताजा असतानाच कृत्य घडलेले असावे लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हा सांगाडा कलम १०० व १०१ मध्ये तसाच ठेवला आहे. खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, तर खुनात न मोडणाऱ्या सदोष मनुष्यवधाला, मारण्याचा किंवा मृत्यूचा संभव असलेली क्षती करण्याचा उद्देश असल्यास, जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास आहे. उद्देश नसून केवळ जाणीव असल्यास कारावासाची कमाल मर्यादा दहा वर्षे आहे. म्हणजे उद्देश आणि जाणीव यांतील जो भेद मेकॉलेने मुळाशी ठेवला, त्यावरच आजही आरोपीची शिक्षा अवलंबून आहे.