पॅनोरमात जोडावरच माणूस आला? फोटोची जुळणी न बिघडवता त्याला असं काढा

पॅनोरमात कधी अर्धाच माणूस दिसतो, तर कधी एकच माणूस दोनदा. चार-पाच फोटो जोडताना सॉफ्टवेअर दोन फोटोंच्या सामाईक भागातून एक जोडरेषा काढतं. रेषेच्या डावीकडचं दृश्य एका फोटोतून येतं आणि उजवीकडचं दुसऱ्यातून. त्या रेषेवर चालता माणूस आला, की तो कापला जातो.

आधी पुसून मग जोडलं तर?

मूळ फोटोतच माणूस पुसायचा आणि नंतर फोटो जोडायचे, हा उपाय अनेकांना आधी सुचतो. पण जोडताना प्रत्येक फोटो वेगवेगळा वाकवला जातो. दोन फोटोंत हाताने भरलेली लाटांची किंवा फरशीची नक्षी एकसारखी नसते, त्यामुळे जोडावर ती जुळत नाही. म्हणून न पुसता झाकायचं. एका फोटोतला तेवढा भाग वापरू नको, असं सॉफ्टवेअरला सांगायचं, म्हणजे ती जागा शेजारच्या फोटोतल्या खऱ्या दृश्याने भरते.

एक उदाहरण

समजा, मरीन ड्राइव्हवर चार फोटो काढले. प्रत्येकाची रुंदी ४००० पिक्सेल आहे आणि शेजारच्या दोन फोटोंत १२०० पिक्सेल सामाईक आहेत. म्हणजे दुसऱ्या फोटोतला २८०० वा पिक्सेल ही तिसऱ्या फोटोची सुरुवात. (लेन्समुळे येणारा वाक इथे सोडून देऊ.)

दुसऱ्या फोटोत एक माणूस ३२०० ते ३४०० पिक्सेलच्या पट्ट्यात आहे. तिसऱ्या फोटोच्या मापात ही जागा ४०० ते ६०० होते. तिसरा फोटो घेईपर्यंत तो ७०० ते ९०० वर पोहोचला. दोन्ही जागा एकमेकींवर येत नाहीत, म्हणजे त्याच्या मागचा समुद्र प्रत्येक ठिकाणी कुठल्या तरी एका फोटोत मोकळा दिसतो. तो पूर्ण काढता येईल.

Hugin मध्ये पायऱ्या

Hugin हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात Interface मेनूतून Advanced किंवा Expert निवडा, म्हणजे लागणारे टॅब दिसतात.

१. फोटो जुळवून झाले की Control Points टॅब उघडा. दोन फोटोंतल्या एकसारख्या खुणांच्या या जोड्यांवरच सगळी जुळणी उभी असते. चालत्या माणसावर पडलेल्या जोड्या काढून टाका आणि जुळणी पुन्हा करून घ्या. माणूस हलला आहे, पण सॉफ्टवेअर त्याला स्थिर समजून फोटोच सरकवतं.

२. Masks टॅबमध्ये दुसरा फोटो निवडून Add new mask दाबा आणि माणसाभोवती बिंदू देत जा. प्रकार Exclude region ठेवा. सावलीही आत घ्या, नाहीतर माणूस जाईल आणि सावली राहील. तिसऱ्या फोटोतही तेच करा.

३. आता पुन्हा जुळणी करायची गरज नाही. कुठला पिक्सेल वापरायचा एवढंच मास्क ठरवतो, फोटोची जागा बदलत नाही. थेट Stitch! करा.

मास्क किती मोठा?

मास्कमुळे जोडरेषा सरकते आणि बऱ्याचदा मास्कच्या कडेपाशी येते. हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोंत जवळच्या वस्तू दोन फोटोंत किंचित वेगळ्या जागी असतात. ती कड जवळच्या कठड्यावर आली, तर कठडा तुटलेला दिसेल. म्हणून मास्क थोडा पसरवून त्याची कड पाणी, आकाश किंवा साध्या भिंतीवर आणा. तयार चित्र १०० टक्के झूम करून क्षितिज, कठडा अशा सलग रेषा पाहत जा. पायरी पडलेली दिसली, तर मास्कचा आकार बदला.

कुठे जमणार नाही?

तोच माणूस तिसऱ्या फोटोत ५०० ते ७०० वर असता, तर ५०० ते ६०० हा पट्टा दोन्ही फोटोंत त्याच्या मागे लपला असता. तिथे खरं दृश्य उपलब्धच नाही. दोन्हीकडे मास्क लावला, तर चित्रात रिकामं भोक पडेल. अशा वेळी एकाच फोटोत मास्क लावा, म्हणजे उरलेला माणूस दुसऱ्या फोटोतून अखंड येईल. मग जोडून झालेल्या अंतिम चित्रात तो क्लोन ब्रशने भरा. तिथे सगळं एकाच प्रतलात असल्याने जुळणी बिघडत नाही.

फोनने स्वतः जोडलेल्या पॅनोरमात सुटे फोटो हाती नसतात, त्यामुळे तिथेही क्लोन ब्रशच उरतो. गर्दीच्या जागी सुटे फोटो काढा आणि कोणी मध्ये आलं, तर ते पुरतं बाजूला झाल्यावर तीच चौकट पुन्हा टिपा. मास्कला लागणारं मोकळं दृश्य तिथेच मिळतं.