सात की दोन? ठाण्यातील ख्रिस्ती संस्कारांविषयी एक टिपण

इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन यतींचा वध झाला. त्यांचा सोबती जॉर्डानुस हा डॉमिनिकन धर्मगुरू त्या वेळी गावात नव्हता. मागे एकटा उरलेल्या या गुरूने त्याच वर्षी ऑक्टोबरात घोघ्याहून लिहिलेल्या पत्रात आपल्या कार्याचा हिशेब दिला आहे. ‘पारोक्को’ येथे, म्हणजे बहुधा भडोचेत, सुमारे ९०, त्यानंतर वीसाहून अधिक, आणि ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांना त्याने स्नानसंस्कार दिला.

हा हिशेब स्नानसंस्काराचा आहे, याकडे लक्ष द्यावयास हवे. कॅथलिक परंपरेतील सात संस्कारांची यादी बाराव्या शतकातच स्थिर होत आली होती: स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. परंतु हे सातही एकाच हाताने देता येत नाहीत. लॅटिन रीतीत दृढीकरण हा सामान्यतः बिशपचा अधिकार असून साध्या गुरूला त्यासाठी खास अनुज्ञा लागे. गुरुदीक्षा तर बिशपवाचून होतच नाही. म्हणजे या पस्तीस जणांमधून एखादा गुरू घडवावा, असे जॉर्डानुसच्या मनात आले असते तरी ते त्याच्या अधिकारात नव्हते. पोपने त्याला क्विलॉनचा बिशप नेमले ते १३२९ मध्ये.

स्नानसंस्काराचे मात्र तसे नाही. पाणी, त्रैक्याच्या नावाचे वचन आणि मंडळीला अभिप्रेत असलेले करण्याचा हेतू एवढे असले म्हणजे निकडीच्या प्रसंगी तो कोणीही देऊ शकतो. देणारा स्वतः ख्रिस्ती असलाच पाहिजे असेही नाही. सातांची ही यादी म्हणजे एका पातळीवरच्या सात वस्तू नव्हेत, हे येथे स्पष्ट होते.

सोळाव्या शतकातील वाद पुष्कळदा संख्येचा म्हणून सांगितला जातो. खरा प्रश्न कसोटीचा होता. ख्रिस्ताची स्पष्ट आज्ञा आणि तिला जोडलेले दृश्य चिन्ह ही दोन्ही जेथे आहेत तोच संस्कार, असा लूथरचा आग्रह होता. १५२० च्या ग्रंथात प्रायश्चित्ताला तिसरे स्थान द्यावे की नाही, याविषयी तो स्वतःच डळमळतो. अखेर चिन्हाच्या अभावी ते गळते आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन ही दोनच उरतात. ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये उत्तर दिले: सात, न अधिक न उणे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गंमत आढळते. मराठी कॅथलिकांनी ‘स्नानसंस्कार’ हा देशी शब्द घेतला, तर लोकभाषेचा कैवार घेणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या बायबलात मूळ ग्रीक शब्द ‘बाप्तिस्मा’ या रूपाने राहिला.

ठाण्यात १८२५ साली बिशप हेबर यांनी ज्याचे पवित्रीकरण केले ते सेंट जेम्स चर्च अँग्लिकन परंपरेतले. त्या परंपरेच्या पंचविसाव्या नियमाने उरलेल्या पाच विधींना ‘संस्कार म्हटले जाणारे’ असे संबोधून दुय्यम ठरविले. ते टाकून मात्र दिले नाहीत. दृढीकरण व दीक्षा तेथे बिशपच देत आला. अशा परंपरेतील एखादी व्यक्ती कॅथलिक मंडळीत आली तर काय होते? तिचा बाप्तिस्मा यथाविधि झाला असेल, तर तो पुन्हा दिला जात नाही. दृढीकरण मात्र नव्याने दिले जाते; कारण १८९६ मध्ये तेराव्या लिओ पोपने अँग्लिकन दीक्षा निरर्थक ठरविल्या, आणि जेथे दीक्षा नाही तेथे दृढीकरण देणारा बिशपही नाही. वाद पुन्हा हाताशीच येऊन ठेपतो.

कॅथलिकांमध्येही रीत एकच नाही. १९८८ मध्ये कल्याण येथे सीरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. त्या पौर्वात्य रीतीत साधा गुरूच अर्भकाला स्नानसंस्काराबरोबर पवित्र तैलाभिषेक, म्हणजेच दृढीकरण, देतो. लॅटिन कुटुंबातील मूल त्यासाठी पुष्कळ वर्षे थांबते.

विद्यार्थ्यांसाठी काही लघुप्रश्न, उत्तरांसह:

१. डोंबिवलीच्या रुग्णालयात मरणासन्न अर्भकाला, आईवडिलांच्या विनंतीवरून, हिंदू परिचारिकेने योग्य वचन उच्चारून व योग्य हेतूने पाणी घातले. कॅथलिक मते हा संस्कार झाला काय? — झाला. कॅल्विनला मात्र सामान्य जनांनी दिलेला असा आपत्कालीन बाप्तिस्मा मुळीच मान्य नव्हता.

२. ट्रेंटच्या यादीतील कोणते तीन संस्कार आयुष्यात एकदाच घेता येतात? — स्नानसंस्कार, दृढीकरण, गुरुदीक्षा.

३. दोन बाप्तिस्मा झालेल्या प्रॉटेस्टंट व्यक्तींचा विवाह कॅथलिक मते संस्कार ठरतो काय? — ठरतो. लॅटिन मताप्रमाणे वधूवरच तो एकमेकांना देतात. आपण संस्कार देत आहोत असे ते मानीत नसले तरी.