गर्भित वायदा दर

आजच्या हजर दरांत अध्याहृत असलेला भावी कालखंडाचा व्याजदर म्हणजे गर्भित वायदा दर होय. दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या एका वर्षाचा दर काढताना, सलग तीन वर्षांची गुंतवणूक आणि दोन वर्षांची गुंतवणूक आजच ठरलेल्या दराने आणखी एक वर्ष पुढे चालवणे, या दोहोंची रास समान मानतात.

उदाहरणार्थ, चक्रवाढ वार्षिक हजर दर दोन वर्षांसाठी ६.५% व तीन वर्षांसाठी ७% असल्यास १०० रुपयांची रास अनुक्रमे ११३.४२ व १२२.५० रुपये होते. १२२.५० ÷ ११३.४२ = १.०८०१; म्हणून वायदा दर सुमारे ८.०१% येतो.

हा दर म्हणजे भावी व्याजदराचे निव्वळ भाकीत नव्हे. त्यात दीर्घ मुदतीच्या जोखमीचा मोबदलाही मिसळलेला असू शकतो.